मगवर उतरताना निळा जांभळा का होतो?

गणेशोत्सव जवळ आला की ढोल-ताशा पथकं टी-शर्ट आणि मग छापून घेऊ लागतात. समजा, टॅबलेटवर काढलेलं एका ढोलवादकाचं चित्र आहे. मागे विजेसारखा निळा, कमरेला झळझळीत हिरवा शेला, हवेत राणी रंगाचा गुलाल. छापून आल्यावर निळा जांभळट दिसतो, हिरवा मळकट. छापणाऱ्यावर राग निघतो, पण चूक बहुधा फाइल तयार करतानाच झालेली असते.

स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते. शाईला ते जमत नाही. पांढऱ्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशातला काही भाग ती गिळते आणि उरलेला आपल्याला दिसतो. छपाईत गडद निळा मिळवायला सायनवर मॅजेन्टा चढवावा लागतो. या दोन्ही शाया आदर्श नसतात, निळ्या प्रकाशाचाही थोडा भाग त्या गिळतात. म्हणून #0000FF हा स्क्रीनवरचा निळा शाईत काळपट जांभळ्याकडे सरकतो. #00FF00 हा हिरवा तर शाईच्या आवाक्याबाहेरच असतो.

यावर ‘फाइल CMYK करून द्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. मगच्या बाबतीत तो चुकीचा आहे. मगवर बहुधा सब्लिमेशन छपाई होते. शाई आधी कागदावर छापतात आणि साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला तिची वाफ होऊन ती मगच्या पॉलिएस्टर लेपात शिरते. मासिकाच्या छपाईसाठीच्या CMYK मध्ये फाइल बदलली, तर या शाईला जमणारे काही तेजस्वी रंगही आपण आधीच कापून टाकतो. फाइल sRGB मध्येच ठेवावी आणि छापणाऱ्याकडून त्याच्या प्रिंटरची ICC प्रोफाइल मागून घ्यावी. ती प्रोफाइल ठरावीक प्रिंटर, शाई, कागद आणि वस्तू यांच्या जोडीसाठीच बनलेली असते. दुसऱ्या दुकानाची चालत नाही.

फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Custom इथे ती निवडली की छपाईचा अंदाज पडद्यावर दिसतो. Gamut Warning चालू केलं की शाईला न जमणाऱ्या जागा करड्या होतात. आपल्या चित्रात निळी पार्श्वभूमी आणि शेला करडा होईल. संगणकावर सोडलं, तर Relative Colorimetric पद्धत आवाक्याबाहेरचे रंग जवळच्या कडेवर आणून ठेवते. सपाट रंगांच्या चित्राला हे चालतं. पण गुलालात फिक्या गुलाबीपासून गडद राणी रंगापर्यंतचा चढ असेल, तर वरच्या छटा एकमेकींत मिसळून एकच ठिगळ दिसतं. तिथे Perceptual निवडून पाहावं. ती सगळ्याच छटा थोड्या आत ओढते, त्यामुळे चढ टिकण्याची शक्यता जास्त.

तरी खरं काम हातानेच करावं लागतं. निळ्यात थोडा हिरवा घालून तो #0A50D8 च्या आसपास आणला, तर तो जांभळ्याकडे जात नाही. शेल्याचा हिरवा किंचित पिवळसर, पोपटीकडे वळवावा. तेज कमी झाल्याची भरपाई शेजारच्या रंगांतून होते. गुलालामागची जागा गडद आणि शांत केली की तोच गुलाबी उजळ भासतो. मला हा उपाय सगळ्यांत मोलाचा वाटतो.

बिघाड ओळखण्याच्या खुणाही आहेत. सगळंच चित्र गडद आणि तांबूस झालं, तर प्रोफाइल दोनदा लागली असल्याचा संशय घ्यावा: एकदा फोटोशॉपमध्ये, एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. एकाच ठिकाणी रंगांचा कारभार ठेवावा. फक्त काळा तपकिरी उतरला, तर उष्णता किंवा वेळ चुकल्याची शक्यता जास्त. दाबण्याआधीचा छापील कागद मात्र फिकाच दिसतो, त्यावरून घाबरू नये.

टी-शर्टचं गणित वेगळं. सुती कापडाला सब्लिमेशनची शाई धरत नाही. स्क्रीन प्रिंटिंग करत असाल आणि चित्रात मोजकेच सपाट रंग असतील, तर रंग शायांच्या मिश्रणातून काढण्याऐवजी प्रत्येकाची तयार मिसळलेली शाई वापरता येते. राणी रंगासाठी पॅन्टोन 806, हिरव्यासाठी 802 अशा निऑन शाया मागता येतात. CMYK च्या चार शायांतून असं तेज निघतच नाही. मात्र काळ्या शर्टवर खाली पांढऱ्या शाईचा थर हवा, नाहीतर रंग कापडात बुडतो. निऑन शाया उन्हात लवकर फिक्या पडतात, हेही आधीच लक्षात घ्यावं.

पथकाची पूर्ण ऑर्डर देण्याआधी शंकास्पद रंगांचे चौकोन आणि चित्राचा एक तुकडा त्याच मगवर आणि त्याच कापडावर छापून घ्या. तो दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहा आणि मगच होकार द्या.