निवृत्तीनंतरचे दोन सिद्धांत

म्हातारपणी माणसाने हळूहळू व्यापातून बाजूला व्हावे की गुंतून राहावे, यावर अमेरिकेतील कॅन्सस सिटीत एक मोठा अभ्यास झाला. त्याच्या आधारे 1961 मध्ये एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी अलिप्ततेचा सिद्धांत मांडला. वय वाढते तसा माणूस समाजापासून आणि समाजही त्याच्यापासून दूर होतो. हे नैसर्गिक आणि दोघांच्याही सोयीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. मात्र त्यांनी पाहिलेली माणसे बहुतेक धडधाकट आणि खाऊनपिऊन सुखी होती.

रॉबर्ट हॅविगर्स्ट यांचा क्रियाशीलतेचा सिद्धांत उलट सांगतो: सुटलेल्या भूमिकेच्या जागी नवी भूमिका मिळाली, तर समाधान टिकते. गंमत अशी, की हॅविगर्स्ट आणि बर्निस न्यूगार्टन यांनी कॅन्सस सिटीचीच माहिती पुन्हा तपासली. गुंतलेली माणसे सहसा अधिक समाधानी दिसली. पण आरामखुर्चीत निवांत बसून खूश असणारीही होती. फरक स्वभावाचा होता.

मराठी घरात हा प्रश्न नातवंडांपाशी येतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले आजोबा मुलाच्या फ्लॅटमध्ये नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतात, डबा भरतात. बाहेरून ही क्रियाशीलता वाटते. पण ती निवडलेली नसेल, तर ती फक्त बिनपगारी ड्यूटी. उलट, ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणत बँकेची कामेही काढून घेतली, तर ती लादलेली अलिप्तता. घरच्यांनी आधी त्यांनाच विचारावे.