1 डिसेंबर ते 31 मे

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना सहा महिने एखाद्या हॉटेलात काम करावं लागतं. त्याशिवाय पदवी हातात पडत नाही. कॉलेज काही हॉटेलांशी बोलून मुलं पाठवतं, पण ज्याला मनासारखं हॉटेल हवं असतं तो स्वतः पत्र लिहितो. अशी पत्रं जाण्याआधी वाचून देण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. त्यातलं एक अजून आठवतं. वाईकडची मुलगी, पुण्यात शिकणारी. तिला गोव्यातल्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये जायचं होतं.

तिचा पहिला मसुदा असा होता: ‘मी मेहनती, जिद्दी आणि शिकण्यास उत्सुक विद्यार्थिनी आहे. आपल्या नामांकित हॉटेलात सहा महिने इंटर्नशिप करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन.’ भाषा शुद्ध, अक्षर सुरेख. पण हॉटेलला त्यातून काहीही कळत नव्हतं.

हे पत्र ट्रेनिंग मॅनेजरच्या टेबलावर जातं. डिसेंबरात किचनला किती हात कमी पडणार, हाउसकीपिंगला किती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. म्हणून त्यांची नजर आधी तारखा शोधते. ‘सहा महिने’ म्हणजे कुठले सहा महिने? गोव्याचा सीझन साधारण ऑक्टोबरला सुरू होतो, नाताळ आणि नव्या वर्षाला हॉटेलं भरून वाहतात, एप्रिल-मेमध्ये सुट्टीवरची कुटुंबं येतात आणि पाऊस लागला की गर्दी ओसरते. 1 डिसेंबरला आलेला ट्रेनी नाताळपर्यंत तीन आठवड्यांत कामाला रुळलेला असतो. तोच 26 डिसेंबरला आला तर ऐन गर्दीत त्याला शिकवायला कुणाला फुरसत नसते.

तिला विचारलं, परीक्षा कधी संपते? म्हणाली, 24 नोव्हेंबरला. मग 1 डिसेंबर ते 31 मे धरले. मोजून बघितले तर बरोबर 182 दिवस, म्हणजे 26 आठवडे. पुढचा प्रश्न विचारल्यावर मात्र ती गप्प झाली. एक विषय राहिला होता, एटीकेटी होती, आणि तो पेपर एप्रिलमध्ये येणार होता. पत्रात हे लिहिलं तर हॉटेल घेणार नाही, अशी तिला भीती होती. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आधी सांगितलेली चार दिवसांची सुट्टी रोस्टरमध्ये बसते. एप्रिलमध्ये ऐनवेळी मागितली की कुरबुर होते, आणि कधी कधी शेवटच्या शेऱ्यातही ती उतरते.

दुसरी गोष्ट विभागांची. किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस या चारही ठिकाणी काम झालं पाहिजे, अशी कॉलेजची अट असते. प्रत्येक विभागात काय केलं ते लॉग बुकमध्ये लिहून विभागप्रमुखाची सही घ्यावी लागते. आमचा एक मुलगा एका मोठ्या हॉटेलात लग्नसराईत अडकला आणि चार महिने बँक्वेटलाच राहिला. टेबलं लावणं आणि बुफेमागे उभं राहणं यात तो तरबेज झाला, पण लॉग बुकमधली फ्रंट ऑफिसची पानं कोरी राहिली. परत आल्यावर कॉलेजने ती पानं मान्य केली नाहीत. त्याच्या पत्रात विभागांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे हॉटेलशी बोलायला आम्हाला काही आधार उरला नव्हता. तेव्हापासून आठवडे पत्रातच लिहायला लावतो: किचन आठ, सर्व्हिस आठ, हाउसकीपिंग पाच, फ्रंट ऑफिस पाच. क्रम हॉटेलने सोयीने ठरवावा.

आता कौशल्यांबद्दल. इथे मुलं सगळ्यात जास्त चुकतात, कारण त्यांना वाटतं की मोठे शब्द वापरले तर आपणही मोठे दिसू. तिने लिहिलं होतं, ‘कॉन्टिनेंटल कुकरीचे सखोल ज्ञान.’ मी विचारलं, एक लिटर दुधाच्या बेशामेलला बटर किती, मैदा किती? तिने अडखळत सांगितलं, शंभर ग्रॅम आणि शंभर ग्रॅम. उत्तर बरोबर होतं. पण मुलाखतीत शेफ पुढे विचारतो, दूध गरम घालायचं की थंड, गुठळी झाली तर काय करशील? ‘सखोल’ लिहिणाऱ्याला खोलातले प्रश्न येतात, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्या मुलीकडे तेवढी खोली असणं शक्य नाही. शेफलाही ती नको असते. त्याला कांदा एकसारखा चिरणारा, चॉपिंग बोर्डांचे रंग पाळणारा आणि फ्रिजमधल्या डब्यावर तारीख लिहिणारा हात हवा असतो.

म्हणून तिला सांगितलं, हाताने केलेलं तेवढंच लिही. शेवटी पत्र असं झालं. प्रत्यक्षात ते इंग्रजीत गेलं, पण मजकूर हाच:

‘माननीय ट्रेनिंग मॅनेजर, मी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षात आहे. 1 डिसेंबर ते 31 मे असे 26 आठवडे मी आपल्याकडे इंटर्नशिप करू इच्छिते. चारही विभागांत काम करणे कॉलेजला आवश्यक आहे. आठवड्यांचा तपशील सोबत जोडला आहे, क्रम आपण ठरवावा. एप्रिलमध्ये एका पेपरसाठी मला चार दिवस रजा लागेल.

कॉलेजच्या किचनमध्ये मी भाज्यांचे मूलभूत कट, स्टॉक आणि पाच मदर सॉस केले आहेत. ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये तीस पाहुण्यांच्या जेवणाला सर्व्हिस दिली आहे. सरावाच्या खोलीत डबल बेड एकटीने लावते. फ्रंट ऑफिसचे सॉफ्टवेअर फक्त लॅबमध्ये पाहिले आहे, प्रत्यक्ष वापरलेले नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी बोलते, कोकणी समजते.

ब्रेक शिफ्ट व रात्रपाळी करण्यास तयार आहे. मी बाहेरगावची असल्याने राहण्याची सोय हॉटेलकडून होते का, हे कृपया कळवावे. कॉलेजचे ना-हरकत पत्र, बायोडेटा व वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत आहे.’

‘प्रत्यक्ष वापरलेले नाही’ हे वाक्य तिला काढून टाकायचं होतं. मी राहू दिलं. ते वाचल्यावर वरच्या सगळ्या वाक्यांवर विश्वास बसतो. राहण्याचा प्रश्नही पहिल्याच पत्रात हवा. गोव्यात सीझनला खोली भाड्याने घ्यायची तर बहुतेक स्टायपेंड त्यातच जातो, आणि रात्री साडेअकराला ड्यूटी संपल्यावर मुलगी खोलीवर जाणार कशी, हा घरच्यांचा प्रश्न रास्तच असतो. स्टायपेंडचा आकडा मात्र मुलाखतीत विचारावा, आणि नक्की विचारावा.

बाकी गोष्टी थोडक्यात. पत्र एका पानाच्या आत बसवा. एकच मजकूर दहा हॉटेलांना पाठवताना एकाच्या पत्रात दुसऱ्याचं नाव राहून जातं. दर वर्षी एक तरी असं पत्र माझ्या हाती यायचं. डिसेंबरसाठी ऑगस्टअखेर पत्र गेलेलं बरं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा. सकाळी चेकआउटची गडबड असते, एक वाजता जेवणाची, आणि त्या वेळी आलेला फोन कुणालाच नको असतो.

मुलीला होकार आला. सुरुवात हाउसकीपिंगपासून झाली, आणि एप्रिलमधली चार दिवसांची रजा रोस्टरमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. तुमच्या घरात यंदा कुणी असं पत्र लिहीत असेल, तर ते पाठवण्याआधी त्यावरचा मोबाइल नंबर एकदा तुमच्या फोनवरून लावून बघा. एक आकडा चुकल्यामुळे मुलाखतीला मुकलेली दोन मुलं मी पाहिली आहेत.