आकडे का जुळत नाहीत?

मुदत ठेवीचे व्याज अजून हातात आलेले नाही, तरीही आयकर खाते त्याबद्दल खुलासा मागते. असे का होते?

पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीवर बँक दरवर्षी साठलेले व्याज पॅनसह खात्याला कळवते. ठेवीदार मात्र मुदत संपल्यावर एकदम दाखवतो. संगणक दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि फरक दिसला की नोटीस निघते. तो आरोप नसून प्रश्न असतो, म्हणून उत्तरही फक्त त्या प्रश्नाचे द्यावे.

समजा, बँकेने ८४,००० रुपये कळवले आणि विवरणपत्रात ४८,००० आहेत. आधी नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक आयकर पोर्टलवर तपासावा, मग मुदतीच्या आत तिथेच उत्तर भरावे:

‘महोदय, संदर्भांकित नोटिशीतील ३६,००० रुपयांचा फरक एका ठेवीवर साठलेल्या, परंतु न मिळालेल्या व्याजाचा आहे. मी व्याज दरवर्षी प्रत्यक्ष मिळाल्यावरच दाखवतो. ठेव पावती व बँकेचे व्याज प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’

एवढे पुरे. ‘मी प्रामाणिक करदाता आहे’ या वाक्याने ३६,००० रुपयांचा हिशेब लागत नाही. पद्धत मात्र खरोखर दरवर्षी तीच हवी. एका ठेवीला एक आणि दुसरीला दुसरी पद्धत लावली असेल, तर हा खुलासा टिकत नाही.

व्याज दाखवायचे राहूनच गेले असेल, तर तसे स्पष्ट लिहून कर व त्यावरील व्याज भरावे. उत्तर पाठवल्यावर पोचपावती उतरवून ठेवा.