ऑफर लेटर पाठवण्याआधी: ताळा कशाशी करायचा?

ऑफर लेटर हाती पडलं की उमेदवार एक-दोन दिवसांत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देतो. तो मेल एकदा गेला की परतीची वाट जवळपास बंद होते. म्हणून या पत्रातला चुकलेला आकडा किंवा तारीख ही नुसती टायपिंगची चूक राहत नाही. तिची किंमत घर चालवणाऱ्या एका माणसाला मोजावी लागते.

लहान आणि मध्यम कंपन्यांत हे पत्र कोऱ्या पानावर क्वचितच लिहिलं जातं. मागच्या उमेदवाराची वर्ड फाइल उघडायची, ती नव्या नावाने सेव्ह करायची आणि मग नाव, पगार, तारीख बदलत जायचं, ही सर्रास पद्धत आहे. बदलायचं जे राहून जातं ते मागच्या माणसाचं असतं आणि नव्या माणसाच्या नावावर जातं. पत्र पुन्हा पुन्हा वाचूनही अशा चुका सहसा सापडत नाहीत, कारण वाचताना मजकूर सुसंगत वाटतो. त्या शोधायला ताळाच करावा लागतो, आणि तो कशाशी करायचा हे आधी ठरवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला गुणवत्ता विभागासाठी डेप्युटी मॅनेजर हवी आहे. उमेदवार ठरली आहे. वर्षाचा सीटीसी, म्हणजे कंपनीला तिच्यावर येणारा एकूण खर्च, ७,२०,००० रुपये ठरला. तिच्या सध्याच्या कंपनीत नोटिस पीरियड ६० दिवसांचा आहे. हे सगळं दोन ठिकाणी लिहिलेलं आहे: विभागप्रमुख आणि फायनान्सने सही केलेल्या मंजुरीच्या नोटमध्ये, आणि उमेदवाराशी झालेल्या शेवटच्या मेलमध्ये. हे दोन कागद मूळ. पत्र ही त्यांची नक्कल.

आकड्यांचा ताळा

७,२०,००० म्हणजे महिन्याला ६०,०००. मंजुरीप्रमाणे त्याची फोड अशी आहे:

मूळ वेतन ३०,०००
घरभाडे भत्ता १२,०००
विशेष भत्ता १४,७५७
कंपनीचा पीएफ हिस्सा १,८००
ग्रॅच्युइटीची तरतूद १,४४३

विशेष भत्त्याचा आकडा विचित्र दिसतो, कारण तो उरलेला आकडा असतो. बाकीच्या बाबी नियमाने ठरतात आणि ६०,००० भरायला जे कमी पडतं ते इथे टाकलं जातं. त्यामुळे चूकही बऱ्याचदा याच ओळीत होते. आपल्या पत्रात तो १७,४५७ असा पडला. खालची बेरीज मात्र ६०,०००च राहिली, कारण वर्डच्या तक्त्यात हाताने लिहिलेले आकडे कोणी बेरजून घेत नाही.

यासाठी दोन ताळे करायचे. प्रत्येक रकाना वरून खाली कॅल्क्युलेटरवर बेरजायचा. मग प्रत्येक ओळीतला महिन्याचा आकडा बाराने गुणून शेजारच्या वार्षिक आकड्याशी जुळवायचा. इथे पहिल्याच बेरजेत ६२,७०० येतात. फरक २,७००, आणि त्याला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, ही हिशेबनिसांची जुनी खूण आहे. एक शून्य जास्त पडलं तरीही फरक नऊच्या पटीतच येतो, म्हणून तो पुरावा नव्हे. पण चूक कुठे शोधायची हे त्यावरून लगेच कळतं.

तक्ता एक्सेलमध्ये असला तरी निर्धास्त राहू नये. एखाद्या खान्यातला आकडा मजकूर म्हणून साठवलेला असेल तर बेरजेचं सूत्र तो गुपचूप वगळतं. म्हणून अंतिम पीडीएफवर छापलेले आकडेच एकदा स्वतंत्रपणे बेरजावेत.

पीएफची एक ओळ

बेरीज जुळली तरी एक ओळ वेगळी तपासावी लागते. कर्मचारी आणि कंपनी दोघंही पीएफमध्ये १२ टक्के भरतात. हे १२ टक्के १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर धरले तर १,८०० होतात. ३०,००० च्या पूर्ण मूळ वेतनावर धरले तर ३,६००. दोन्ही पद्धती चालतात, पण कंपनीची पद्धत कोणती हे पत्रात आणि मंजुरीत एकच असायला हवं.

आपल्या उदाहरणात १,८०० धरून महिन्याचा एकूण पगार ५६,७५७ होतो. त्यातून तिचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० वजा केला की हाती ५४,७५७ येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. आता जुन्या पत्रातून ३,६०० ची ओळ तशीच आली असं समजा. कंपनीचा हिस्सा १,८०० ने वाढला म्हणून विशेष भत्ता तेवढाच घटतो, आणि तिची स्वतःची कपातही १,८०० ने वाढते. सीटीसी तोच, बेरीज बिनचूक, पण हाती ५१,१५७. मुलाखतीत ‘हातात साधारण चोपन्न’ असं बोलणं झालेलं असेल तर पहिल्या पगाराच्या दिवशी तिला आपण फसलो असं वाटणारच.

जुळणारं पत्रही चुकीचं असू शकतं

पत्र आपल्यापुरतं पूर्ण जुळलेलं असूनही मुळातच चुकीचं असू शकतं. एक्सेलमध्ये वरच्या खान्यात ७,२०,००० ऐवजी ७,०२,००० टाकले गेले तर सूत्रं आपलं काम चोख करतात. महिन्याचे ५८,५०० येतात, मूळ वेतन २९,२५० येतं, सगळे रकाने जुळतात, अक्षरी रकमेतही ‘सात लाख दोन हजार’ उमटतं. कितीही वेळा बेरीज केली तरी ही चूक दिसणार नाही.

ज्या एक्सेलमधून पत्र तयार झालं त्याच एक्सेलशी ताडून पाहणं म्हणजे चुकीची सावली चुकीशीच जुळवणं. ही चूक फक्त सही झालेली मंजुरीची नोट शेजारी ठेवल्यावरच सापडते. म्हणून तपासणीत अंतर्गत बेरीज आणि मूळ कागदाशी मेळ ही दोन्ही कामं वेगवेगळी करावीत.

तारखा एकमेकींना जुळायला हव्यात

पत्रावर सोमवार, ९ मार्च २०२६ ही तारीख आहे. होकार कळवायची मुदत शुक्रवार, १३ मार्च. आणि रुजू व्हायची तारीख १ मे. पगाराच्या हिशेबाला सोपं म्हणून पहिली तारीख टाकायची सवय पुष्कळ कचेऱ्यांत असते. पण १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, कारखाना बंद.

त्याहून मोठी अडचण नोटिस पीरियडची आहे. तिने १३ मार्चला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस मोजले तर शेवटचा दिवस १२ मे येतो. म्हणजे १ मेला ती येऊच शकत नाही. तिला एकतर जुन्या कंपनीला नोटिसच्या बदल्यात पैसे भरावे लागतील किंवा नव्या कंपनीकडे तारीख बदलून मागावी लागेल. योग्य तारीख त्यानंतरचा सोमवार, १८ मे. प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल तर ते १७ नोव्हेंबर २०२६ ला संपेल, आणि पत्रात तारीख दिली असेल तर तीही नव्याने मोजायला हवी. तारखा सुट्या सुट्या तपासून भागत नाही. त्या कॅलेंडर उघडून ओळीने लावाव्या लागतात.

तारीख लिहायच्या पद्धतीतही धोका आहे. एक्सेलमधून वर्डमध्ये मेल मर्जने तारीख आणली की ती बऱ्याचदा अमेरिकी क्रमाने, आधी महिना आणि मग दिवस अशी येते. 5/18/2026 असं दिसलं तर चूक लगेच लक्षात येते, कारण अठरावा महिना नसतो. पण ६ मे ही तारीख 5/6/2026 अशी उमटते आणि आपण ती ५ जून वाचतो. महिना अक्षरात लिहिला की हा प्रश्न उरत नाही.

हुद्दा किती ठिकाणी आहे?

पगार एका तक्त्यात असतो, हुद्दा मात्र पत्रभर विखुरलेला असतो: विषयाच्या ओळीत, पहिल्या परिच्छेदात, जोडपत्राच्या डोक्यावर, मेलच्या मजकुरात, फाइलच्या नावात. आपल्या पत्रात जोडपत्रावर ‘डेप्युटी मॅनेजर’ आहे, पण विषयाच्या ओळीत मागच्या उमेदवाराचं ‘असिस्टंट मॅनेजर’ राहिलंय. हुद्द्याबरोबर श्रेणी येते, आणि श्रेणीवर नोटिस पीरियड, रजा, विम्याची रक्कम ठरत असेल तर ती कलमंही मागच्याच माणसाची राहिलेली असू शकतात.

इथे नजरेवर विसंबू नये. Ctrl+F दाबून जुना हुद्दा, मागच्या उमेदवाराचं आडनाव आणि मागचं वर्ष शोधावं. तिन्ही शोध रिकामे आले पाहिजेत. मग नवा हुद्दा शोधून प्रत्येक जागी श्रेणीसकट नोटशी ताडून पाहावा.

दोघांनी मिळून वाचणं

पत्र ज्याने तयार केलं त्याला आपल्या मनातला आकडा दिसतो, कागदावरचा नाही. म्हणून शेवटची तपासणी दोघांनी करावी. एकाच्या हातात मंजुरीची नोट, दुसऱ्याच्या समोर अंतिम पीडीएफ. पीडीएफवाल्याने आकडा अंक अंक सुटा करून मोठ्याने वाचायचा: ‘एक, चार, सात, पाच, सात.’ नोटवाल्याने बरोबर असेल तिथे खूण करायची. नोटवाल्याने वाचू नये, नाहीतर पीडीएफ बघणारा ऐकलेलंच खरं धरतो. तपासणीनंतर काहीही बदललं, अगदी स्पेलिंग जरी, तरी नवं पीडीएफ करून आकडे, तारखा आणि हुद्दा पुन्हा पाहायचे.

पत्र गेलंच असेल तर

१८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव स्वीकारला जाण्याआधी तो मागे घेता येतो. त्यामुळे चूक उमेदवाराचा होकार येण्याआधी सापडली तर त्याच क्षणी फोन करावा आणि लगोलग सुधारित पत्र पाठवावं. त्यात ‘९ मार्चचं पत्र रद्द समजावं’ हे वाक्य हवंच, नाहीतर दोन पत्रं एकाच वेळी जिवंत राहतात. होकार आल्यानंतर गोष्ट वेगळी होते. केवळ एका बाजूची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली एवढ्यावर करार रद्द करता येत नाही, असं तोच कायदा सांगतो. मग उमेदवाराशी बोलून, तिच्या लेखी संमतीनेच दुरुस्ती करावी लागते. तिने तोवर राजीनामा दिलेला असेल आणि पत्रातला आकडा जास्त असेल, तर तो फरक कंपनीने सोसणं हेच न्यायाचं आहे.

सुधारित पत्राची प्रत पगार काढणाऱ्याकडेही गेली पाहिजे. नेमणूकपत्र आणि पगाराची नोंद ऑफर लेटरवरूनच तयार होतात. तिथे जुनी प्रत राहिली तर दुरुस्त केलेली चूक पहिल्या पगारात पुन्हा उगवते.