प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होतंय का?

समजा, नेरूळमध्ये तुमचा डब्याचा व्यवसाय आहे आणि व्हॉट्सअॅपवर ही जाहिरात टाकायची आहे:

“आम्ही नेरूळमध्ये घरगुती डबा देतो. आम्ही पोळ्या रोज सकाळी लाटतो. आम्ही डबा साडेबाराच्या आत पोहोचवतो. आम्ही रविवारी सुट्टी घेतो.”

वाचताना खटकतं ना? मग बरेच जण ‘तसेच आम्ही’, ‘शिवाय आम्ही’ असं जोडतात. त्याने वाक्यं लांबतात, पण ‘आम्ही’ तिथेच राहतो.

त्याऐवजी प्रत्येक वाक्यात गिऱ्हाइकाला काय हवंय ते शोधा. पहिल्यात जागा, दुसऱ्यात पोळ्या, तिसऱ्यात वेळ, चौथ्यात वार. आता असं लिहा:

“नेरूळमध्ये आम्ही घरगुती डबा देतो. पोळ्या रोज सकाळी लाटतो. तुमच्या टेबलावर डबा साडेबाराच्या आत पोहोचतो. रविवारी सुट्टी.”

एकही जोडशब्द वाढला नाही. मराठीत ‘लाटतो’ म्हटलं की ‘आम्ही’ गाळता येतं. मात्र पहिल्या वाक्यात ते ठेवाच, नाहीतर कोण लाटतो ते कळणार नाही. आणि जोर सहसा क्रियापदाच्या अगदी आधीच्या शब्दांवर पडतो, म्हणून वेळ ‘पोहोचतो’च्या आधी ठेवली.

फक्त सुरुवात बदलायची म्हणून शब्द उलटेपालटे करू नका. “लाटतो पोळ्या आम्ही सकाळी” हे कवितेसारखं वाटतं. मजकूर मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप चढतो, तिथे तुमचा महत्त्वाचा शब्द आहे का, एवढं बघा.