घड्याळाचा आजार कानाला कळतो

चावीच्या जुन्या मनगटी घड्याळात बॅलन्स व्हील केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे झोके घेते. एचएमटीच्या ‘जनता’मध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. इतके ठोके कोणी मोजू शकत नाही; शिकाऊ मुलाला ऐकायची असते ती त्यांची लय.

पडलेले एक जुने घड्याळ दुकानात येते. ते रोज मागे पडते. मुलगा पूर्ण चावी देऊन ते कानाशी धरतो. तबकडी वर असताना आवाज खणखणीत आणि एकसारखा येतो. तबकडी खाली करताच तो बसका होतो. लय मात्र मोडत नाही. उस्तादाच्या दृष्टीने खूण हीच. टिक आणि टॉकमधले अंतर लंगडे असते, तर स्प्रिंगची बैठक तपासावी लागली असती. इथे आवाज फक्त एका बाजूला दबतो, म्हणून संशय चाकाच्या आसावर जातो.

आसाची टोके केसाइतकी बारीक असतात आणि खड्यांवर टेकून फिरतात. घड्याळ उलटले की भार दुसऱ्या टोकावर येतो. ते चेपलेले असेल तर घर्षण वाढते, झोका आखूड होतो आणि ठोका मंदावतो. सुकलेल्या तेलानेही असेच होते, म्हणून आधी सफाई. त्यानंतरही आवाज दबकाच राहिला, तेव्हा भिंगातून ते टोक चपटे दिसले.

आस बदलल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज सारखा झाला. दिवसाला किती सेकंदांचा फरक उरला, हे मात्र कान सांगत नाही. त्यासाठी टायमिंग मशीनच लागते.