सहलीची रोजनिशी

कार्यपत्रिकेतील रोजनिशीस पाच गुण असल्यास आम्ही एक मांडणीस, दोन आशयास व दोन भाषेस देतो. मांडणी म्हणजे आरंभी दिनांक, वार व वेळ. गुण जातात ते आशयात. "सहस्रकुंडचा धबधबा पैनगंगा नदीवर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे," हे वाक्य खरे. परंतु ते भूगोलाचे आहे. त्याऐवजी असे लिहावे: "पाण्याच्या गर्जनेत गुरुजींची हाक ऐकू आली नाही. तुषारांनी सदरा भिजला, तरी कड्याजवळ जाण्याचे धैर्य मला झाले नाही." रोजनिशी त्याच रात्री, स्वतःकरिता लिहिलेली असते; म्हणून तीत 'मी' व भूतकाळ हवा, उपदेश नको. सहलीस न गेलेल्यासही जे वाक्य लिहिता येईल, ते खोडावे.